हिंजने जोडलेली तुळई : रिअ‍ॅक्शन काढायला आधी कुठला तुकडा घ्यायचा

दर शनिवारी संध्याकाळी नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची चार-पाच मुलं गणितं घेऊन येतात. मागच्या महिन्यात ओझरहून येणाऱ्या एका मुलीने वही माझ्यापुढे सरकवली.

"सर, वरच्या आणि खालच्या बलांची बेरीज जुळते. ए भोवती मोमेंट घेतला, तोही जुळतो. तरी उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं येतंय. पुस्तकात छापताना चुकलंय का?"

पुस्तक बरोबर होतं. तिच्या आकडेमोडीतही कुठे चूक नव्हती. चूक त्याच्या आधी, आकृती काढतानाच झाली होती, आणि ती अशी चूक आहे की नेहमीच्या दोन्ही पडताळण्या तिला सहज पुढे जाऊ देतात. दोन तुकडे हिंजने जोडलेल्या तुळईचं गणित पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांच्या हातून ती एकदा तरी होते. म्हणून तेच गणित इथे सुरुवातीपासून सोडवतो. त्यातच पद्धतही येईल आणि ही चूक कशी ओळखायची तेही.

गणित

सात मीटर लांबीची आडवी तुळई आहे. डावं टोक ए भिंतीत पक्कं गाडलेलं, म्हणजे फिक्स्ड. उजवं टोक सी रोलरवर टेकलेलं. ए पासून ३ मीटरवर बी या ठिकाणी हिंज आहे. म्हणजे ए-बी हा ३ मीटरचा तुकडा आणि बी-सी हा ४ मीटरचा. दोघांना जोडते ती फक्त बी ची खिळ.

भार दोन. पूर्ण सात मीटरवर सारखा पसरलेला १० किलोन्यूटन प्रति मीटरचा भार, ज्याला आपण रोज यूडीएल म्हणतो. शिवाय बी-सी वर, हिंजपासून १ मीटर उजवीकडे, २४ किलोन्यूटनचा एक पॉइंट लोड. अंदाज यावा म्हणून सांगतो, १० किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन वजन. तुळईचं स्वतःचं वजन यूडीएलमध्ये धरलेलं आहे असं समजू.

काढायचं काय, तर ए आणि सी वरच्या रिअ‍ॅक्शन. सूत्रांमध्ये बिंदूंना A, B, C असंच लिहितो, कारण तुमच्या वहीतही तेच असेल.

हिंज म्हणजे नेमकं काय, हे हाताने बघा

कागदावर हिंज म्हणजे एक छोटं वर्तुळ. त्या वर्तुळाने मुलांना काहीच कळत नाही, म्हणून मी घरात एक जोडणी करून ठेवली आहे. तुम्हालाही अर्ध्या तासात करता येईल. पाऊण इंच जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या घ्या. रविवार कारंज्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक छोटी बिजागरी आणा आणि दोन्ही पट्ट्या टोकाला टोक लावून जोडा. पहिली पट्टी टेबलावर सी-क्लँपने घट्ट आवळा, बिजागरीकडचा ४५ सेंटिमीटर भाग टेबलाबाहेर ठेवा. हा तुमचा ए-बी. दुसरी पट्टी ६० सेंटिमीटरची. तिचं मोकळं टोक स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर आडव्या ठेवलेल्या पेन्सिलीवर टेकवा. हा बी-सी, आणि पेन्सिल म्हणजे रोलर. काटा टेबलाच्या उंचीला येईल इतकी पुस्तकं खाली रचा.

इथे एक बारकावा आहे, जो मला पहिल्या खेपेला कळला नव्हता. बिजागरी पट्ट्यांच्या वरच्या बाजूला बसवा. वजन ठेवलं की सांधा खाली बसतो. बिजागरी खालून लावली असेल तर त्या वेळी पट्ट्यांच्या वरच्या कडा एकमेकींना भिडतात आणि सांधा अडकतो. अडकलेला सांधा म्हणजे हिंज राहिलाच नाही. तो मोमेंट पलीकडे नेऊ लागतो आणि काट्यावरचा आकडा हिशोबाशी जुळत नाही. बिजागरी वर असली की खालची फट मोकळेपणाने उघडते.

आता काटा शून्य करा, म्हणजे पट्टीचं वजन हिशोबातून गेलं. एक किलो साखरेची पिशवी बी-सी च्या मधोमध ठेवा. काटा साधारण ५०० ग्रॅम दाखवेल. पिशवी बिजागरीकडे सरकवत न्या. बिजागरीपासून १५ सेंटिमीटरवर आली की आकडा २५० च्या आसपास येतो. पिशवी बरोबर बिजागरीवर आली की काटा शून्यावर. आणि तिथून पुढे, ए-बी च्या पट्टीवर कुठेही ठेवा, काटा शून्यच राहतो.

हा शून्य नीट पाहून घ्या. ए-बी वरच्या भाराची सी ला खबरही लागत नाही. तो सगळा भार टेबलाकडे जातो. बी-सी वरचा भार मात्र दोघांत वाटला जातो, थोडा काट्याकडे, उरलेला बिजागरीमार्गे ए-बी च्या टोकावर. म्हणजे बी-सी हा तुकडा ए-बी च्या आधाराने उभा आहे, पण ए-बी ला बी-सी ची गरज नाही. गणित कुठून सुरू करायचं ते इथेच ठरतं.

पायरी पहिली : अज्ञात मोजा

फिक्स्ड आधार तीन गोष्टी देतो. आडवी रिअ‍ॅक्शन, उभी रिअ‍ॅक्शन आणि मोमेंट. रोलर फक्त एक उभी रिअ‍ॅक्शन देतो. एकूण चार अज्ञात. अख्ख्या तुळईची समतोलाची समीकरणं तीनच. चौथं समीकरण हिंज देतो, कारण बी वर बेंडिंग मोमेंट शून्य असतो. चार अज्ञात, चार समीकरणं, तेव्हा गणित साध्या स्टॅटिक्सने सुटतं. आडवा भार कुठेच नाही, म्हणून ए ची आडवी रिअ‍ॅक्शन शून्य. ती एकदा लिहा आणि पुढे चला.

मोजणी जुळली म्हणजे तुळई उभी राहीलच असं मात्र नाही. समजा, तोच रोलर सी वरून काढून ए-बी च्या मधे कुठेतरी लावला. अज्ञात तरीही चार आणि समीकरणंही चार. पण आता बी-सी च्या उजव्या टोकाला काहीच आधार नाही, आणि तो तुकडा बिजागरीभोवती खाली लोंबकळेल. म्हणून मोजल्यानंतर प्रत्येक तुकड्याकडे वेगळं बघा आणि स्वतःला विचारा, हा पडेल का?

पायरी दुसरी : आधी पडणारा तुकडा शोधा

मनातल्या मनात हिंजची खिळ काढून टाका. ए-बी भिंतीत गाडलेला आहे, तो कॅन्टिलिव्हर म्हणून उभा राहील. बी-सी कडे फक्त सी चा रोलर, तो कोसळेल. जो कोसळतो तो आधी सोडवायचा. कारण त्याच्यावर अज्ञात दोनच असतात, सी ची रिअ‍ॅक्शन आणि हिंजमधलं उभं बल. आधी ए-बी घेतलात तर ए ची रिअ‍ॅक्शन, ए चा मोमेंट आणि हिंजमधलं बल असे तीन अज्ञात समोर येतील आणि वापरायला समीकरणं दोनच. तिथे अडकून पान खोडणारी मुलं मी दर वर्षी बघतो.

पायरी तिसरी : आधी कापा, मग भार गोळा करा

ओझरच्या मुलीची चूक इथे होती.

यूडीएल दिसला की हात आपोआप त्याचं एका बलात रूपांतर करतो. १० गुणिले ७, म्हणजे ७० किलोन्यूटन, मधोमध, ए पासून साडेतीन मीटरवर. ही सवय साध्या तुळईत बरोबर असते. इथे मात्र यूडीएल हिंजच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. त्याचे ३० किलोन्यूटन ए-बी वर बसले आहेत आणि ४० बी-सी वर. सगळे ७० एका बाणात गोळा केले की तो बाण हिंजच्या अर्धा मीटर उजवीकडे पडतो, आणि ए-बी वरचा भारही बी-सी च्या खात्यात जमा होतो. काट्यावर आपण पाहिलं की ए-बी वरचा भार सी पर्यंत पोचतच नाही. कागदावर मात्र आपण तो पोचवून मोकळे झालो.

म्हणून क्रम पाळा. आधी हिंजवर तुळई कापा, दोन वेगळ्या आकृत्या काढा, यूडीएल दोन्हींवर पसरलेला तसाच दाखवा. त्यानंतर प्रत्येक आकृतीत, फक्त त्या तुकड्यापुरता, भार एका बलात गोळा करा.

बी-सी च्या आकृतीत आता काय काय आहे? मधोमध, म्हणजे बी पासून २ मीटरवर, खाली ४० किलोन्यूटन. बी पासून १ मीटरवर खाली २४. सी वर वरच्या दिशेने R_C. आणि बी वर, जिथे कापलं तिथे, वरच्या दिशेने V_B. हिंजवर मोमेंटचा गोल बाण काढायचा नाही. बी भोवती मोमेंट घेतला की V_B समीकरणातून गळतो आणि एकच अज्ञात उरतो.

```
B भोवती:  R_C × 4 = 40 × 2 + 24 × 1 = 104
          R_C = 26 kN
उभी बलं:  V_B = 40 + 24 − 26 = 38 kN
```

V_B बेरजेतून काढला, तर लगेच सी भोवती मोमेंट घेऊन तपासा. ४० गुणिले २ म्हणजे ८०, २४ गुणिले ३ म्हणजे ७२, एकूण १५२, भागिले ४, बरोबर ३८. एक मिनिट लागतं. पण हा ३८ पुढच्या तुकड्यावर जाणार आहे. तो चुकला तर पुढचं सगळंच चुकतं.

पायरी चौथी : बाण उलटा करून पलीकडे न्या

बी-सी ला हिंजने ३८ किलोन्यूटनने वर धरलं आहे. म्हणजे बी-सी ने ए-बी चं टोक तेवढ्याच बलाने खाली दाबलं आहे. ए-बी च्या आकृतीत बी वर खाली जाणारा ३८ चा बाण हवा. दोन्ही आकृत्यांत बाण वरच्याच दिशेने काढणं ही नवख्यांची दुसरी नेहमीची चूक. मी मुलांना दोन्ही आकृत्या एकाखाली एक न काढता शेजारी शेजारी, मध्ये दोन बोटं जागा सोडून काढायला सांगतो. तसं केलं की एक बाण वर आणि एक खाली नसला तर डोळ्यांना लगेच खटकतं.

कधी V_B चं उत्तर उणे येतं. तेव्हा बी-सी ची आकृती खोडून बाण फिरवत बसू नका. बाण आहे तसा ठेवा, उणे चिन्ह आकड्यासोबत पलीकडे न्या, आणि ए-बी वर मूळ बाणाच्या उलट बाण काढा. एकाच वेळी बाणही फिरवला आणि चिन्हही बदललं तर दोनदा उलटून आपण जिथे होतो तिथेच येतो.

आता ए-बी म्हणजे साधा कॅन्टिलिव्हर.

```
उभी बलं:  R_A = 30 + 38 = 68 kN
A भोवती:  M_A = 30 × 1.5 + 38 × 3 = 45 + 114 = 159 kN·m
```

M_A घड्याळाच्या उलट दिशेने येतो. भार तुळईला खाली, म्हणजे ए भोवती घड्याळाच्या दिशेने फिरवू बघतात, आणि भिंत त्यांना उलट धरून ठेवते. तुळईत ए जवळ ताण वरच्या बाजूला असतो. काँक्रीटची तुळई असेल तर तिथे मुख्य सळई वर लागणार.

पायरी पाचवी : तिसरी पडताळणी

अख्ख्या तुळईवर नेहमीच्या दोन पडताळण्या करून बघू. भार ७० अधिक २४, एकूण ९४. रिअ‍ॅक्शन ६८ अधिक २६, तेही ९४. ए भोवती भारांचा मोमेंट ७० गुणिले साडेतीन अधिक २४ गुणिले ४, म्हणजे २४५ अधिक ९६, एकूण ३४१. दुसऱ्या बाजूला १५९ अधिक २६ गुणिले ७, म्हणजे १८२, एकूण ३४१. जुळलं.

आता त्या मुलीच्या वहीतले आकडे. तिने ७० चा एकच बाण बी-सी वर ठेवला होता.

```
B भोवती:  R_C × 4 = 70 × 0.5 + 24 × 1 = 59
          R_C = 14.75
V_B = 70 + 24 − 14.75 = 79.25
R_A = 79.25
M_A = 79.25 × 3 = 237.75
```

हे तपासा. ७९.२५ अधिक १४.७५ म्हणजे ९४. जुळलं. ए भोवती २३७.७५ अधिक १४.७५ गुणिले ७, म्हणजे १०३.२५, एकूण ३४१. तेही जुळलं! सी ची रिअ‍ॅक्शन खऱ्याच्या जवळपास निम्मी, भिंतीतला मोमेंट खऱ्याच्या दीडपट, आणि दोन्ही पडताळण्यांत बरोबरची खूण.

असं का होतं, यावर आम्ही त्या दिवशी बराच वेळ बसलो. मी तिला म्हणालो, सी ला मनाला येईल तो आकडा दे. तिने शून्य दिला. मग ए वर ९४ आणि मोमेंट ३४१. बेरीज जुळते, मोमेंटही जुळतो. तिने ५० दिला. मग ए वर ४४, आणि मोमेंट ३४१ वजा ३५०, म्हणजे उणे ९. तरी दोन्ही जुळतात. सी ची रिअ‍ॅक्शन काहीही धरा, ए वर ९४ मधून ती वजा करा आणि मोमेंटमधून तिची सात पट वजा करा, समतोल आपोआप सांभाळला जातो. कारण अख्ख्या तुळईला आपल्यात हिंज आहे हे ठाऊकच नाही. या दोन समीकरणांना अगणित उत्तरं चालतात. त्यातलं खरं एकच, आणि ते निवडण्याचं काम हिंजचं. मग पडताळणीही हिंजवरच करायला हवी.

ती अशी करायची. मूळ आकृती घ्या, जिथे यूडीएल अजून पसरलेला आहे. बी वर उभे राहा, उजवीकडे बघा आणि बेंडिंग मोमेंट मोजा. आपल्या उत्तरात २६ गुणिले ४ म्हणजे १०४, वजा ४० गुणिले २ म्हणजे ८०, वजा २४. शून्य. डावीकडूनही मोजून बघा. ए ची रिअ‍ॅक्शन ६८ गुणिले ३ म्हणजे २०४, वजा भिंतीचा मोमेंट १५९, वजा यूडीएलचे ३० गुणिले दीड म्हणजे ४५. शून्य.

वहीतल्या चुकीच्या उत्तरात उजवीकडून १४.७५ गुणिले ४ म्हणजे ५९, वजा ८०, वजा २४, म्हणजे उणे ४५ किलोन्यूटन-मीटर. बिजागरीला ४५ चा मोमेंट पेलावा लागेल, जो ती पेलूच शकत नाही. चूक सापडली. हा ४५ कुठून आला तेही बघा. ए-बी वरचे ३० किलोन्यूटन, ज्यांचं केंद्र हिंजपासून दीड मीटर डावीकडे होतं, त्यांना तिने हिंज ओलांडायला लावलं होतं. ३० गुणिले दीड, ४५.

ही पडताळणी मूळ भारावरच करायची, हे विसरू नका. गोळा केलेल्या ७० च्या बाणावर केली तर तिथेही शून्यच येईल, कारण तिने गणित त्याच बाणावर सोडवलं होतं.

भार नेमका हिंजवरच असेल तर

समजा बी वर १२ किलोन्यूटनचा आणखी एक पॉइंट लोड आहे. कापताना हा कुठल्या तुकड्याला द्यायचा? कुठल्याही द्या, पण एकालाच. बी-सी ला दिला तर बी भोवती त्याचा हात शून्य, R_C तसाच २६ राहतो, आणि V_B ३८ चा ५० होतो. ए-बी ला दिला तर V_B ३८ राहतो आणि टोकावर ३८ अधिक १२ असे ५० बसतात. दोन्ही वाटांनी R_A ८० आणि M_A १९५. साखरेची पिशवी बिजागरीवर ठेवली तेव्हा काटा शून्यावर का होता, त्याचंही हेच उत्तर. दोन्ही तुकड्यांना दिला तर १२ चे २४ होतात, आणि ही चूक साध्या उभ्या बेरजेत पकडता येते.

मोमेंटचा भार, म्हणजे कपल, हिंजजवळ असेल तर मात्र अशी मोकळीक नाही. तो हिंजच्या लगेच डावीकडे आहे की लगेच उजवीकडे, हे गणितात स्पष्ट हवं. उजवीकडे असेल तर तो R_C बदलतो, डावीकडे असेल तर सी ला त्याचा पत्ताही लागत नाही, तो थेट भिंतीत जातो. आकृतीत कपल बरोबर वर्तुळावर काढला असेल तर तो प्रश्नच अपुरा आहे. शिक्षकांना विचारा, अंदाजाने पुढे जाऊ नका.

तीन आधारांची मांडणी

भिंतीऐवजी ए वर साधा पिन, बी वर रोलर, बी च्या पुढे थोडी बाहेर आलेली तुळई, तिच्या टोकाला हिंज डी, आणि तिथून सी च्या रोलरपर्यंत दुसरा तुकडा, अशीही मांडणी असते. जर्मन इंजिनिअर हाइनरिश गेर्बर यांनी १८६६ मध्ये अशा हिंजच्या तुळईचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी माइन नदीवर हासफुर्ट इथे तसा पूल उभा राहिला. त्यांचा हेतू साधा होता. एखादा खांब थोडा खचला तर अखंड तुळईत नवे मोमेंट तयार होतात. हिंज असला की सांधा थोडा फिरतो आणि रिअ‍ॅक्शन तशाच राहतात.

पद्धत तीच. डी-सी पडणारा, तो आधी. फक्त एक गोष्ट वेगळी घडते. समजा ए ते बी ६ मीटर, बी ते डी दीड मीटर, आणि भार फक्त डी-सी वर आहे, ज्यातून डी वर २० किलोन्यूटन खाली येतात. बी भोवती मोमेंट घ्या. २० गुणिले दीड म्हणजे ३०, भागिले ६, ए ची रिअ‍ॅक्शन ५ किलोन्यूटन, खालच्या दिशेने. ए चं टोक उचललं जातंय. मुलं हे उणे चिन्ह बघून आपलंच चुकलं समजतात आणि खोडतात. खोडू नका. ए वर तुळई नुसती टेकवून चालणार नाही, खाली धरून ठेवायला बोल्ट हवेत, हे ते चिन्ह सांगतंय.

हिंजमधलं बल हे फक्त मधल्या पायरीतलं ओझं नाही, हेही इथेच सांगतो. प्रत्यक्षात हिंजच्या जागी एका तुकड्याचं पायरीसारखं कापलेलं टोक दुसऱ्याच्या तशाच टोकावर बेअरिंगवर टेकतं. ते निमुळतं टोक तुमच्या V_B साठीच डिझाइन होतं. कॅनडातल्या लाव्हाल इथे ३० सप्टेंबर २००६ रोजी दे ला काँकॉर्ड हा उड्डाणपूल कोसळला. मधल्या भागाला टेकू देणाऱ्या कॅन्टिलिव्हरचं काँक्रीट टोकाजवळ शिअरमध्ये तुटलं होतं. पाच माणसं गेली. उत्तरात R_A आणि R_C लिहून थांबणाऱ्या मुलांना म्हणूनच मी V_B पण चौकटीत लिहायला लावतो.

आणि द्वारकेवरून उड्डाणपुलावर गाडी चढवली की ठराविक अंतराने जो टप्-टप् आवाज येतो, त्या प्रत्येक फटीला हिंज समजू नका. बहुतेक पुलांवर ती एक्सपान्शन जॉइंटची फट असते. तिच्या दोन्ही बाजूंचे गाळे खाली खांबावर आपापल्या बेअरिंगवर बसलेले असतात, आणि फट उन्हात लांबी वाढायला ठेवलेली असते. एका गाळ्याचा भार तिच्यातून दुसऱ्या गाळ्याला जात नाही. हिंज तो, जिथे एक तुकडा दुसऱ्याच्या जिवावर उभा आहे.

एक गणित तुमच्यासाठी

ए फिक्स्ड, बी हिंज, सी रोलर. ए-बी २ मीटर, बी-सी ६ मीटर. ६ किलोन्यूटन प्रति मीटरचा यूडीएल हिंजच्या १ मीटर डावीकडून सुरू होतो आणि हिंजच्या ३ मीटर उजवीकडे संपतो. दुसरा भार नाही. उत्तरं अशी यायला हवीत.

```
R_C = 4.5 kN     V_B = 13.5 kN
R_A = 19.5 kN    M_A = 36 kN·m
```

सी ला ४ आणि भिंतीत ४० आले, तर तुम्ही कापण्याआधी भार गोळा केला आहे. त्या ४ आणि ४० वरही अख्ख्या तुळईची बेरीज २४ आणि मोमेंट ७२ बरोबर जुळतील. मग बी वर उभे राहून उजवीकडचा मोमेंट मोजा. ४ गुणिले ६ म्हणजे २४, वजा १८ गुणिले दीड म्हणजे २७. उणे ३ उरतात, आणि ते ए-बी वरच्या त्या एका मीटरचे आहेत.